जळालेल्या मोटरची फाइल

सबमर्सिबल पंपाच्या कारखान्यात वॉरंटीची फाइल बहुतेक वेळा एका ओळीने बंद होते. ‘क्लेम नामंजूर’, नाहीतर ‘विशेष बाब म्हणून बदलून दिला’. त्या ओळीने पैशाचा प्रश्न मिटतो. सर्व्हिस विभागाला तेवढंच हवं असतं, कारण त्याच्यापुढचा प्रश्न असतो, खर्च कोणी सोसायचा. क्वालिटी मॅनेजरपुढचा प्रश्न वेगळा आहे. पंप बंद पडला तो आपल्या चुकीमुळे का, आणि तसं असेल तर त्याच आठवड्यात बनून गावोगाव गेलेले बाकीचे पंपही बंद पडणार आहेत का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच कागदांतून काढावी लागतात आणि तिथेच घोटाळा होतो. पैशाबाबतचा निर्णय हाच बिघाडाचा शोध समजला जातो. चाळीस-पन्नास पानांच्या फाइलचा एका पानात सारांश करणाऱ्या माणसाचं काम म्हणूनच निव्वळ मजकूर आटवण्याचं नाही. कोणी काय पाहिलं, कोणी काय ऐकलं, कोणी काय ताडलं आणि कोणी काय ठरवलं, या चार गोष्टी एकमेकींपासून सोडवून ठेवायच्या, हे ते काम आहे.

एक फाइल घेऊन पाहू. ती नमुन्यासाठी जुळवलेली आहे. तिच्यातली कंपनी, डीलर, शेतकरी यांपैकी कोणी खराखुरा नाही. पण मोटरच्या आत जे दिसतं ते प्रत्यक्षात दिसतं तसंच आहे आणि कागदही अशा फाइलींत असतात तसेच आहेत.

पाच हॉर्सपॉवरचा, थ्री फेजवर चालणारा, बोअरमध्ये सोडायचा पंप. मोटर पाण्याने भरलेली, आतली जोडणी स्टार पद्धतीची. कारखान्यातून तो ५ ऑक्टोबर २०२२ रोजी बाहेर पडला. डीलरच्या गोदामात जवळपास वर्षभर राहिला आणि १४ सप्टेंबर २०२३ रोजी एका डाळिंब बागायतदाराने तो विकत घेतला. वॉरंटीची अट नेहमीची: विक्रीपासून बारा महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून अठरा महिने, जे आधी संपेल ते.

फाइलमधला पहिला कागद डीलरने भरलेला क्लेम फॉर्म. तारीख ९ एप्रिल २०२४. तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय, ‘मोटर जळाली. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट.’ दुसरा कागद सर्व्हिस इंजिनिअरच्या भेटीचा, १२ एप्रिलचा. तो पोचला तेव्हा पंप बोअरमधून वर काढून ठेवलेला होता. त्याने स्टार्टर पेटी उघडून पाहिली. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर वायरी काढून बायपास केलेला होता. त्याने नोंद केली, ‘प्रिव्हेंटर बायपास. मोटर सिंगल फेजिंगने जळाली. क्लेम ग्राह्य नाही.’ चार दिवसांनी कंपनीचं पत्र गेलं: नामंजूर.

इथवरची फाइल वाचणाऱ्या कोणालाही हे पटेल. ग्रामीण भागात तीनपैकी एक फेज जाणं नवलाचं नाही आणि प्रिव्हेंटर मोटर चालू होऊ देत नाही म्हणून तो बायपास करणारेही भरपूर आहेत. ओलिताची पाळी चुकली तर पीक जातं. माणूस नाइलाजाने ते करतो. मात्र एक फेज गेल्यावर मोटर चालत राहिली तर उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार येतो आणि वाइंडिंग तापून जळतं.

२० एप्रिलला शेतकऱ्याचं पत्र आलं, दोन पानी, हाताने लिहिलेलं. त्यातली तीन वाक्यं महत्त्वाची आहेत. मोटर २ एप्रिलच्या रात्री बंद पडली. त्याच रात्री डीलरला फोन केला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. प्रिव्हेंटर बायपास केला तो दुसऱ्या दिवशी, मोटर का उठत नाही हे बघायला आलेल्या वायरमनने. बाकीच्या मजकुरात बागेच्या नुकसानीबद्दल लिहिलंय आणि संतापही आहे. घाईने चाळणारा माणूस अशा पत्रावर ‘ग्राहक नाराज’ एवढीच टीप करून पुढे जातो.

पण त्या तीन वाक्यांनी दोन गोष्टी बदलतात. पहिली तारखेची. अठरा महिन्यांची मुदत ५ एप्रिलला संपली. क्लेम फॉर्मवरची तारीख ९ एप्रिल आहे, म्हणजे मुदतीबाहेरची. बिघाड आणि फोनची तारीख २ एप्रिल आहे, म्हणजे मुदतीतली. सारांशात ‘क्लेम ९ एप्रिलचा’ एवढंच लिहिलं तर शेतकऱ्याची बाजू एका शब्दाचाही वाद न होता पडते. दुसरी गोष्ट पाहण्याची. प्रिव्हेंटर बायपास होता हे इंजिनिअरने १२ एप्रिलला डोळ्यांनी पाहिलं आणि ते खरंच आहे. तो २ एप्रिलच्या रात्रीही बायपास होता, हे त्याने पाहिलेलं नाही, ताडलेलं आहे. शेतकरी सांगतो ते खरं असेलच असंही नाही. सारांशात म्हणून दोन्ही गोष्टी त्यांच्या धन्यांच्या नावानिशी लिहाव्या लागतात: इंजिनिअरला दहा दिवसांनी असं दिसलं, शेतकऱ्याचं म्हणणं असं आहे.

यानंतर मोटर कारखान्यात आली आणि ३ मे रोजी उघडली गेली. या तपासणीचा दीड पानाचा अहवाल म्हणजे फाइलचा गाभा आहे. त्याचा वरचा भाग निरीक्षणांचा. थ्रस्ट बेअरिंग ठीक. बुश ठीक. इम्पेलर झिजलेले किंवा वितळलेले नाहीत. म्हणजे बोअर कोरडा पडून पंप पाण्याविना चालल्याची खूण नाही. स्टार जोड सोडून तिन्ही फेज वेगळे करून मेगरने तपासले: दोन फेजांचं इन्सुलेशन चांगलं, तिसरा बॉडीला लागलेला. त्या तिसऱ्यात एका कॉइलवर, तार स्लॉटमधून बाहेर वळते तिथे, सुमारे दोन सेंटिमीटर भाग वितळलेला. बाकी वाइंडिंगचा रंग मूळचा, वरचं आवरण मऊ.

आणि अहवालाच्या तळाशी निष्कर्ष: ‘वाइंडिंग जळालेलं. सर्व्हिस रिपोर्टनुसार सिंगल फेजिंग.’

मोटर उघडून बघणाऱ्या माणसाला या दोन भागांतला विरोध दिसायला हवा होता. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये एक फेज गेला तर प्रवाह उरलेल्या दोन फेजांतून वाहतो. ते दोन्ही पूर्ण काळे पडतात आणि तिसरा जवळपास नव्यासारखा राहतो. जोडणी डेल्टा असेल तर उलट होतं: एक जळतो, दोन वाचतात. ओव्हरलोडमुळे किंवा फार कमी व्होल्टेजवर चालून मोटर जळाली तर तिन्ही फेज सारखेच करपतात. या मोटरमध्ये यातलं काहीच नाही. दोन फेज शाबूत, तिसऱ्यात केवळ एक ठिपका. जोडणी स्टार होती, हे नेमप्लेटच्या फोटोवरून कळतं. तो फोटो फाइलमध्ये भलत्याच पानावर, वाहतुकीच्या पावतीमागे लावलेला आहे.

मग निष्कर्ष आला कुठून? अहवालातच लिहिलंय: सर्व्हिस रिपोर्टनुसार. वॉरंटीच्या फाइलींत सर्वांत जास्त धोका इथे असतो. पहिल्या भेटीत कोणीतरी एक कारण लिहितो. पुढचा त्याच्यावर विसंबतो, त्याच्या पुढचा दोघांवर. तीन कागदांवर तेच कारण दिसलं की तीन जणांनी ते स्वतंत्रपणे शोधलं असं वाटायला लागतं, आणि प्रत्यक्षात तो एकट्या माणसाचा, पेटी उघडून पाच मिनिटांत बांधलेला अंदाज असतो. त्यामुळे सारांश करणाऱ्याने प्रत्येक निष्कर्षाशी थांबून बघावं, की हा माणूस हे स्वतःच्या निरीक्षणावरून म्हणतोय की आधीच्या कागदावरून. ‘नुसार’, ‘प्रमाणे’, ‘वरील संदर्भानुसार’ असे शब्द दिसले की मागच्या पानावर जाऊन मूळ गाठावं.

ठिपक्यासारखा जळालेला भाग दिसला म्हणजे कारखान्याची चूक सिद्ध झाली, असं मात्र नाही. पाण्याने भरलेल्या मोटरमध्ये प्लास्टिकच्या आवरणाची तार स्लॉटमधून ओढून वाइंडिंग करतात. स्लॉटच्या काठाला धार राहिली किंवा तार ओढताना आवरण खरचटलं, तर मोटर चाचणीत पास होते, काही महिने चालते आणि एके दिवशी तिथूनच फुटते. ही एक शक्यता. दुसरी विजेची. एप्रिलमध्ये वळवाचे ढग असतात. तारांवरून आलेला उच्च दाबाचा झटकाही वाइंडिंगला असंच एका जागी भोक पाडतो, आणि बहुधा तो केबलच्या बाजूच्या पहिल्या वेढ्यांत पाडतो. फुटलेलं कॉइल केबलकडून पहिलं होतं की मधलं, हे अहवालात लिहिलेलं नाही. फोटोवरून ते कळत नाही. सारांशात ही उणीव स्पष्टपणे लिहायची, कारण मोटर अजून कारखान्यात पडून असेल तर दहा मिनिटांत ते बघता येतं.

सारांश लिहिणाऱ्याने स्वतः निदान करू नये, हा नियम इथे कामाला येतो. त्याने ‘कारखान्याचा दोष’ असं लिहिलं तर तोही त्याच साखळीतला आणखी एक दुवा होईल. ‘निरीक्षण आणि निष्कर्ष जुळत नाहीत, पान २३’ एवढं लिहिलं की क्वालिटी मॅनेजर पान २३ उघडतो.

फाइलमध्ये अजून दोन कागद आहेत. ८ मेचा डीलरचा ईमेल बराचसा थकलेल्या स्कीमच्या रकमेबद्दल आहे. शेवटच्या ओळीत तो लिहितो, की याच मालातल्या आणखी दोन मोटरी अशाच गेल्यात आणि गिऱ्हाइकांनी त्या बाहेर वाइंडिंगला दिल्यात. १५ मेची नोंद विक्री विभागाची: संबंध टिकवण्यासाठी नवा पंप द्यावा, केस बंद. शेतकऱ्याला पंप मिळाला. संगणकात कारणाचा कोड पडला, ‘सिंगल फेजिंग, ग्राहकाकडील’.

हा कोड किरकोळ वाटतो, पण महिनाअखेरीस क्वालिटी विभागाच्या टेबलावर जो तक्ता येतो तो अशा कोडांच्या बेरजेतूनच बनतो. ग्राहकाकडील कारणं एका खांबात, कारखान्याची दुसऱ्यात. ही मोटर पहिल्या खांबात गेली. डीलर म्हणतो त्या दोन मोटरी तर कुठल्याच खांबात नाहीत, कारण त्यांचे क्लेमच आले नाहीत. स्लॉटच्या काठाची धार खरंच कारण असेल, तर ती ज्या स्टॅम्पिंगच्या लॉटमध्ये होती तो लॉट तक्त्यात निर्दोष दिसत राहणार.

फाइलमध्ये उत्तर असूनही ते वर न आल्याचं जगाला माहीत झालेलं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचं आहे. तिच्या कोबाल्ट आणि तशाच काही मोटारींतला इग्निशन स्विच चालता चालता ‘रन’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर सरकायचा. इंजिन बंद पडायचं आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडायच्या नाहीत. चालती गाडी बंद पडते, ही तक्रार कंपनीत सुरुवातीपासून ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न म्हणून वर्गीकृत झाली, सुरक्षेचा म्हणून नाही. २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या एका अपघातानंतर तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने २००७ च्या फेब्रुवारीत अहवाल लिहिला आणि स्विच सरकणं व एअरबॅग न उघडणं यांचा संबंध त्यात जोडून दाखवला. हा अहवाल त्याच वर्षी कंपनीच्या फाइलमध्ये आला. कंपनीच्या तपासणाऱ्यांच्या लक्षात तो आला २०१४ मध्ये, जेव्हा सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. नंतरच्या नुकसानभरपाई योजनेने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले.

त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट सारांशकाराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २००६ मध्ये स्विचची रचना सुधारली गेली, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला. तपासणारे अभियंते वर्षानुवर्षं कोड्यात पडले, की आधीच्या गाड्यांत बिघाड होतो आणि नंतरच्यांत का होत नाही. कागदावर दोन्ही स्विच एकच होते. म्हणून वॉरंटीच्या सारांशात नुसता मॉडेल नंबर पुरत नाही. सीरियल नंबर, उत्पादनाची तारीख आणि मिळत असेल तर स्टेटरचा लॉट लिहायलाच हवा. त्या काळात तार, स्लॉटचं अस्तर किंवा डाय बदलली होती का, हे शोधायला तेवढाच धागा असतो.

आता पंपाच्या फाइलकडे. कागद हाती आले की अनुभवी माणूस ते पत्राच्या तारखेने न लावता घटनेच्या तारखेने लावतो. शेतकऱ्याचं पत्र २० एप्रिलचं, पण त्यातली घटना २ एप्रिलची. म्हणून ती यादीत सर्वांत वर जाते. प्रत्येक घटनेपुढे पान क्रमांक आणि माहिती कोणाची ते लिहायचं. मग काय नाही ते बघायचं. सर्व्हिस इंजिनिअरने ‘सहा फोटो जोडले’ असं लिहिलंय, फाइलमध्ये चार आहेत. डीलरला २ एप्रिलला गेलेला व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो नाही. वीज कंपनीकडे त्या रात्री त्या फीडरवर काही बिघाडाची नोंद आहे का, हे कोणी विचारलेलंच नाही. शेतकऱ्याचा फोन नंबर, गट नंबर असा तपशील मात्र क्वालिटीच्या पानावर लागत नाही. तो मूळ फाइलमध्येच राहू द्यावा.

शेवटी जे पान तयार होतं, ते साधारण असं:

‘पाच एचपी बोअर पंप, स्टार जोडणी (नेमप्लेट फोटो, पान ३१). कारखान्यातून ५ ऑक्टोबर २०२२, विक्री १४ सप्टेंबर २०२३. अठरा महिन्यांची मुदत ५ एप्रिल २०२४ रोजी संपते. बिघाड २ एप्रिलला, असं ग्राहक म्हणतो (पान १४). क्लेमची नोंद ९ एप्रिलला (पान १).

पाहिलेलं: १२ एप्रिलला प्रिव्हेंटर बायपास (पान ४). ३ मे रोजी मोटर उघडली असता एका फेजच्या एका कॉइलवर, स्लॉटच्या तोंडाशी, दोन सेंटिमीटर भाग वितळलेला; दोन फेज चांगले; बुश, बेअरिंग, इम्पेलर चांगले (पान २३).

सांगितलेलं: बायपास बिघाडानंतर वायरमनने केला (ग्राहक, पान १४). याच मालातल्या आणखी दोन मोटरी जळाल्या (डीलर, पान २७). दोन्हींची पडताळणी नाही.

ठरवलेलं: १६ एप्रिलला नामंजूर, कारण सिंगल फेजिंग. १५ मे रोजी विक्री विभागाने बदलून दिला. कोड: ग्राहकाकडील.

जुळत नाही: पान २३ वरची निरीक्षणं सिंगल फेजिंगच्या नेहमीच्या खुणांशी. निष्कर्ष सर्व्हिस रिपोर्टवरून घेतलेला.

माहीत नाही: फुटलेलं कॉइल केबलकडून कितवं, स्टेटरचा लॉट, त्या रात्रीचा वीजपुरवठा, दोन फोटो गहाळ.’

दोन मिनिटांत वाचून होतं. त्यात ‘दोष’ हा शब्द एकदाही नाही आणि विशेषणं जवळपास नाहीतच. ‘वाइंडिंग पूर्ण जळालेलं’ आणि ‘दोन सेंटिमीटर वितळलेलं’ यांतला फरक टिकवणं फार गरजेचं आहे, कारण पहिल्या शब्दांनी एक कारण सुचतं आणि दुसऱ्यांनी दुसरं. संक्षेप करताना आकडे आणि जागा सर्वांत आधी गळतात. ते गळू देऊ नयेत. शेतकऱ्याच्या पत्रातला संताप गाळला तरी चालतो, तारीख नाही.

कायद्याच्या बाजूनेही असं पान उपयोगी पडतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय वस्तूतला दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. उघडलेली मोटर, तिचे फोटो आणि पानवार नोंदी तोवर जपलेल्या असतील तर दोन्ही पक्षांना न्याय मिळण्याची शक्यता वाढते. जागा अडते म्हणून केस बंद झाल्याबरोबर परत आलेल्या मोटरी भंगारात काढल्या, तर ती संधी जाते.

हे पान वाचल्यावर क्वालिटी मॅनेजरला तीन कामं दिसतात आणि ती कोणत्या क्रमाने करायची तेही कळतं. सर्वांत घाईचं काम डीलरला फोन करण्याचं: त्या दोन मोटरी कोणत्या वाइंडिंगवाल्याकडे आहेत? तिथे जुनं तांबं काढून वजनावर विकलं की पुरावा संपला. त्या मोटरी अजून उघडल्या नसतील तर ताब्यात घेऊन, स्टार जोड सोडून, त्याच पद्धतीने तपासायच्या. दुसरं काम स्टोअरमधली मोटर पुन्हा टेबलावर घेऊन फुटलेलं कॉइल मोजण्याचं. ते केबलकडचं पहिलंच निघालं तर विजेच्या झटक्याची शक्यता बळावते आणि वीज कंपनीकडे चौकशी करायला अर्थ येतो. मधलं निघालं, आणि त्या जागी स्लॉटच्या काठावर बोट फिरवल्यावर धार लागली, तर स्टॅम्पिंग विभागात जावं लागतं. तिसरं काम संगणकातला कोड बदलून ‘कारण अनिश्चित’ करण्याचं. त्याला एक मिनिट पुरतं, पण त्यासाठी सर्व्हिस विभागाची संमती लागते आणि व्यवहारात तीच सर्वांत उशिरा मिळते. कोड बदलला की नामंजुरीच्या पत्राचंही कारण उरत नाही, आणि ते पत्र सर्व्हिस विभागाच्याच सहीचं असतं.